२०१९ची लाल जर्सी: भेट म्हणून घेतलेल्या एका जर्सीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या परिचयातल्या एका बाईंचे आहे. त्यांची व भाच्याची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे दिलेली नाहीत. त्यांचा उल्लेख मी मावशी असाच करणार आहे, कारण या सगळ्या खटाटोपात त्यांची भूमिकाही मावशीचीच होती. भाचा एकोणीस वर्षांचा असून लहानपणापासून इंग्लंडमधल्या फुटबॉलचा वेडा आहे. मावशींना फुटबॉलमधले फारसे कळत नाही. भाच्याने एकदा बोलता बोलता म्हटलेले, ‘२०१९ची माने १० जर्सी कुठे मिळाली तर काय हवं!’, हे वाक्य मात्र त्यांच्या लक्षात राहिले होते. वाढदिवसाला सहा आठवडे उरलेले असताना त्यांनी ती जर्सी शोधायला घेतली. मी गेली काही वर्षे जुन्या जर्सी जमवतो, म्हणून दुसऱ्या टप्प्यावर त्यांनी माझी मदत मागितली. पहिल्या टप्प्यावर मागितली नाही, आणि त्याचा परिणाम पुढे येईलच.

भाच्याच्या वाक्यात संघाचे नाव नव्हते. संघ लाल रंगाचा आहे आणि इंग्लंडचा आहे, एवढेच मावशींना ठाऊक होते. परंतु तेवढ्या वर्णनात लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल हे तिन्ही क्लब बसतात. त्यातही पहिल्या दोघांमधले वैर एवढे जुने आहे, की एकाच्या चाहत्याला दुसऱ्याची जर्सी देण्यापेक्षा काहीच न दिलेले बरे. मावशींनी बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, त्याच्या फोनवरच्या चित्रात कोणते चिन्ह आहे ते पाहायला सांगितले. तिथे चोचीत डहाळी धरलेला पक्षी होता. हा लिव्हरपूलचा ‘लिव्हर बर्ड’. युनायटेडच्या चिन्हात त्रिशूळधारी सैतान असतो आणि आर्सेनलच्या चिन्हात तोफ असते, त्यामुळे संघाचा प्रश्न तिथल्या तिथे सुटला. ‘माने’ म्हणजे सेनेगलचा आघाडीचा खेळाडू सादियो माने, हेही मग कळले. तो २०१६ ते २०२२ या काळात लिव्हरपूलकडून खेळला.

अडचण: ‘२०१९’ म्हणजे कोणती जर्सी?

खरी अडचण वर्षाची होती. फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या मे-जूनपर्यंत चालतो, त्यामुळे ‘२०१९’ हा आकडा दोन हंगामांना आणि दोन वेगळ्या जर्सींना लागू पडतो. लिव्हरपूलने १ जून २०१९ रोजी माद्रिद येथे टॉटनहॅमचा २-० असा पराभव करून युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग ही स्पर्धा जिंकली. तो सामना २०१८-१९च्या जर्सीत खेळला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या २०१९-२० हंगामाची जर्सी निराळी होती. तिच्यावर बारीक उभ्या पांढऱ्या रेघा होत्या, आणि ती घालून लिव्हरपूलने तीस वर्षांनी इंग्लंडमधले लीग विजेतेपद मिळवले. दोन्ही जर्सी लाल, दोन्ही न्यू बॅलन्सने बनवलेल्या, दोन्हींच्या छातीवर प्रायोजक म्हणून स्टँडर्ड चार्टर्ड, आणि दोन्ही हंगामांत मानेचा क्रमांक १०. विकणारे दोन्हींना ‘२०१९ लिव्हरपूल’ म्हणतात आणि त्यात त्यांचे काही खोटे नसते.

छातीवरचे प्रायोजकाचे नाव हंगाम ओळखायला कामी येत नाही, हे इथे सांगायला हवे, कारण नवखा माणूस सर्वांत आधी तेच पाहतो. स्टँडर्ड चार्टर्ड हे नाव लिव्हरपूलच्या छातीवर २०१०पासून आहे. उलट बनवणारी कंपनी बदलते तेव्हा काळाची रेघ स्वच्छ दिसते. न्यू बॅलन्सची शेवटची जर्सी २०१९-२०ची; २०२०-२१पासून नायकी, आणि २०२५-२६पासून आदिदास. म्हणजे भाच्याला हवी असलेली जर्सी, दोन्हींपैकी कोणतीही असो, तिच्या मूळ कंपनीने बनवणे कधीच थांबवलेले आहे. ती मिळणार ती जुनी, कोणाकडे तरी पडून असलेली किंवा वापरलेली. या एका गोष्टीवरून या प्रकरणातल्या जवळजवळ सगळ्या निर्णयांचा उलगडा होतो. मावशींना सुरुवातीला ती माहीत नव्हती.

पहिली खरेदी आणि ती का फसली

मावशींनी एका ऑनलाइन बाजारात ‘लिव्हरपूल २०१९ माने १० चॅम्पियन्स’ असे शोधले. बिनरेघांच्या लाल जर्सीची एक जाहिरात त्यांना आवडली. फोटो सुबक होते, जर्सी टॅगसकट कोरी होती, आणि लहानापासून डबल एक्सएलपर्यंत सगळी मापे हाताशी होती. बाहीवर चॅम्पियन्स लीगचे बिल्ले होते. भाच्याचा बांधा डोळ्यांसमोर आणून त्यांनी ‘एल’ माप निवडले आणि पैसे भरले.

पार्सल आल्यावर त्यांना कापड थोडे चकचकीत वाटले, तेव्हा त्यांनी मला ती दाखवायला आणली. जर्सी नकली होती. ती नकली आहे हे मी कापडावरून ठरवले नाही. ‘हाताला बरे लागत नाही’ हा पुरावा होत नाही. जर्सीवरच्या खुणा एकमेकींशी मेळ खात नव्हत्या, आणि ते कोणीही घरबसल्या तपासू शकते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चॅम्पियन्स लीगमध्ये, पाच किंवा अधिक वेळा अथवा सलग तीन वेळा विजेते ठरलेल्या क्लबांना डाव्या बाहीवर एक छोटा मानाचा बिल्ला लावण्याचा हक्क होता. त्यावर करंडकाची आकृती आणि एकूण विजेतेपदांचा आकडा असे. २०१८-१९च्या संपूर्ण हंगामात, अगदी माद्रिदच्या अंतिम सामन्यातही, लिव्हरपूलच्या बाहीवर ५ हा आकडा होता, कारण सहावे विजेतेपद त्या सामन्याच्या शेवटी मिळाले. ६ हा आकडा बाहीवर आला तो पुढच्या हंगामात, रेघांच्या जर्सीवर. मावशींच्या हातातल्या बिनरेघांच्या जर्सीवर ६ होता. शिवाय त्याच डाव्या बाहीवर वेस्टर्न युनियनचे नावही छापलेले होते. वेस्टर्न युनियन त्या काळी लिव्हरपूलचा बाहीचा प्रायोजक होता हे खरे, परंतु ते नाव प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या लीगच्या, सामन्यांत दिसे. चॅम्पियन्स लीगमध्ये त्या हंगामात बाहीवर प्रायोजकाला जागा नव्हती. थोडक्यात, कोणत्याही दिवशी, कोणत्याही मैदानावर, कोणत्याही खेळाडूने न घातलेली अशी ती बाही होती.

तिसरी खूण पाठीवर होती. मानेचे नाव इंग्रजीत लिहिताना शेवटच्या अक्षरावर छोटी तिरकी रेघ येते आणि अधिकृत छपाईत ती असते. इथे ती गायब होती. चौथी खूण आतल्या शिवणीतल्या पट्टीवर होती. तिथे उत्पादनाचा कोड छापलेला असतो. तो आम्ही अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधला, तेव्हा समोर आली ती भलत्याच क्लबची जर्सी. नकली माल शिवणारे पुष्कळदा एकच पट्टी डझनभर निरनिराळ्या जर्सींना लावतात, त्याचा हा परिणाम.

आणि माप? टेबलावर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजल्यावर ती ‘एल’ जर्सी ५१ सेंटीमीटर भरली. भाच्याला नीट बसणाऱ्या टी-शर्टाचे तेच माप ५४ होते, हे आम्हाला नंतर कळले. म्हणजे जर्सी खरी असती, तरी ती छातीत सहा सेंटीमीटरनी आवळ झाली असती, कारण सपाट मोजलेला फरक घेरात दुप्पट होतो.

मागे वळून पाहिले तर जाहिरातीतच दोन इशारे होते. इतकी वर्षे बंद असलेली जर्सी सगळ्या मापांत, कोरी, टॅगसकट उपलब्ध असणे, हा सर्वांत मोठा. जुना खरा माल एकेकटा मिळतो, एका मापात, एका माणसाकडे. दुसरा इशारा फोटोंचा: सगळे फोटो जर्सी हवेत तरंगत असल्यासारखे, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे होते आणि आतल्या पट्टीचा एकही नव्हता.

पैसे परत मागताना

मावशी विक्रेत्याला ‘जर्सी नकली वाटते’ असे लिहिणार होत्या. मी त्यांना तसे न लिहिण्याचा सल्ला दिला. ‘वाटते’ म्हटल्यावर समोरचा ‘आम्हाला खरी वाटते’ म्हणतो आणि वाद तिथेच अडकतो. त्यांनी बाजाराच्या तक्रार विभागाला तीन ओळी लिहिल्या: जाहिरातीत २०१८-१९ असे म्हटले आहे, त्या हंगामात क्लबची पाच विजेतेपदे होती, बाहीवर सहा आहे, आणि आतल्या पट्टीवरचा कोड दुसऱ्याच क्लबच्या जर्सीचा आहे. सोबत बाहीचा आणि पट्टीचा जवळून घेतलेला फोटो आणि माद्रिदच्या सामन्यातला बाही स्पष्ट दिसणारा फोटो जोडला. तक्रार पाहणाऱ्या माणसाला फुटबॉल माहीत असण्याची गरज उरली नाही. ५ आणि ६ यांतला फरक त्याला दिसत होता. पैसे परत मिळाले, पण त्यात जवळपास तीन आठवडे गेले. पैसे त्या बाजाराच्या व्यवस्थेतूनच भरलेले होते म्हणून हे शक्य झाले. विक्रेत्याने सुरुवातीला परस्पर खात्यात पैसे पाठवल्यास सवलत देऊ केली होती आणि मावशींनी ती नाकारली होती. तो त्यांचा पहिला चांगला निर्णय होता.

विचारात घेतलेले पर्याय

आता वाढदिवसाला तीनच आठवडे होते. आम्ही चार वाटांचा विचार केला.

पहिली वाट म्हणजे चालू हंगामाची नवी जर्सी क्लबच्या अधिकृत दुकानातून घेणे. खरेपणाची खात्री, हवे ते माप, बदलूनही मिळण्याची शक्यता. सोय पाहिली तर ही सर्वांत उत्तम वाट होती, आणि भाच्याने वर्षाचा उल्लेख केला नसता तर मी तिचाच आग्रह धरला असता. परंतु माने २०२२ साली क्लब सोडून गेला होता. चालू जर्सीवर त्याचे नाव छापून घेणे म्हणजे कधीच न घडलेली गोष्ट अंगावर मिरवणे, आणि जाणत्या चाहत्याला ते टोचते.

दुसरी वाट म्हणजे क्लबचाच परवाना असलेला स्कार्फ किंवा दुसरी एखादी वस्तू. हिच्यात मापाचा प्रश्न येत नाही. आम्ही ती राखून ठेवली. तिसरी वाट म्हणजे २०१८-१९ची खरी, पण पाठ कोरी असलेली जर्सी घेऊन नाव व क्रमांक आत्ता छापून घेणे. कोऱ्या पाठीच्या जर्सी अधिक सहज मिळतात, म्हणून हा मोह होतो. परंतु त्या हंगामाची अधिकृत अक्षरे आता नव्याने मिळणे दुरापास्त आहे, त्यामुळे जर्सी खरी आणि छपाई नकली अशी मिश्र वस्तू तयार होते. पुढे कधी ती दुसऱ्याला द्यायची वेळ आली तर फसवणूक आपल्या हातून होते. मला हे पटत नाही आणि मी तसे स्पष्ट सांगितले.

चौथी वाट म्हणजे वापरलेली, त्या काळीच छापलेली, खरी जर्सी शोधणे. जोखीम सर्वांत जास्त हिच्यात होती, आणि भाच्याला हवे होते तेही हेच. मावशींनी ही निवडली. मात्र वाढदिवसाच्या तारखेसाठी तपासणीत कसूर करायची नाही, जर्सी नाही मिळाली तर त्या दिवशी स्कार्फ द्यायचा, हे आधीच ठरवून टाकले.

हंगाम आणि माप नक्की करणे

शोध सुरू करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करायच्या होत्या. भाच्याला रेघांची जर्सी हवी होती की बिनरेघांची? त्याला थेट विचारले असते तर गुपित फुटले असते. मावशींनी बहिणीला पुन्हा कामाला लावले. भाच्याच्या खोलीत भिंतीवर कर्णधार जॉर्डन हेंडरसन करंडक उंचावतो आहे असे एक चित्र होते. बहिणीने त्याचा फोटो पाठवला. त्यात जर्सीवर रेघा नव्हत्या आणि करंडक मोठ्या कानांसारख्या मुठींचा, म्हणजे चॅम्पियन्स लीगचा होता. म्हणजे त्याचे ‘२०१९’ हे माद्रिदचे २०१९ होते. हंगाम २०१८-१९, असे कागदावर लिहून घेतले.

मापासाठी बहिणीने भाच्याचा सर्वांत आवडता, रोज घातला जाणारा टी-शर्ट टेबलावर पसरून मोजला: काखेपासून काखेपर्यंत ५४ सेंटीमीटर, आणि खांद्याच्या वरच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत ७२. एवढे दोन आकडे हाताशी असले, की पट्टीवरच्या ‘एम’, ‘एल’ या अक्षरांवर अवलंबून राहावे लागत नाही. ही अक्षरे कंपनीगणिक बदलतात, एकाच कंपनीत प्रकारागणिकही बदलतात. खेळाडूंसाठीची आवृत्ती, जिला दुकानदार ‘प्लेयर व्हर्जन’ म्हणतात, अंगाला घट्ट बसेल अशी शिवलेली असते. तीच ‘एल’ अक्षराची जर्सी चाहत्यांसाठीच्या आवृत्तीत मोकळी असते. मुलांच्या मापातली सर्वांत मोठी जर्सी छातीत प्रौढांच्या लहान मापाएवढी भरू शकते, पण उंचीला आखूड पडते. रोज घालायची भेट असेल तर चाहत्यांसाठीची आवृत्ती घ्यावी आणि छातीचे माप टी-शर्टाएवढे किंवा एक-दोन सेंटीमीटर जास्त असावे, असा माझा अनुभव आहे.

दुसरी फेरी

आता आम्ही फक्त अशा जाहिराती पाहिल्या, ज्यांत एकच जर्सी, एकच माप आणि घरातल्या उजेडात काढलेले फोटो होते. प्रत्येक विक्रेत्याला मावशींनी एकच विनंती पाठवली: समोरून आणि मागून पूर्ण फोटो, गळ्याची आतली बाजू, आतल्या शिवणीतली कोड असलेली पट्टी, छातीवरचे चिन्ह जवळून, दोन्ही बाह्या, आणि सपाट पसरून घेतलेली छातीची व उंचीची मापे. विनंती नम्र होती. खरी वस्तू विकणाऱ्याला याचा राग येत नाही, बहुधा आनंदच होतो.

एका विक्रेत्याने सगळे फोटो पाठवले, पट्टीचा सोडून. विचारल्यावर ‘पट्टी टोचते म्हणून कापली’ असे उत्तर आले. हे खरेही असू शकते, पुष्कळ लोक पट्ट्या कापतात. परंतु आम्हाला त्याच्या खरेपणाचा निवाडा करायचा नव्हता. पुरावा नाही, एवढ्यावर ती जर्सी सोडून दिली. दुसऱ्या एकाकडची जर्सी सर्वार्थाने सुंदर होती, पण पाठीवर माने आणि क्रमांक १९ होता. मानेने लिव्हरपूलमध्ये पहिली दोन वर्षे १९ क्रमांक घातला आणि २०१८-१९पासून १० घेतला. नीट पाहिले तर ती जर्सी २०१७-१८ची होती, क्लबला १२५ वर्षे झाल्याचा उल्लेख चिन्हात असलेली. जर्सी खरी असावी, फक्त आम्हाला हवी ती नव्हती. तिच्यात चॅम्पियन्स लीगचा कीव्हचा २०१८चा अंतिम सामना लिव्हरपूल हरले होते, हे भाच्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

तिसऱ्या विक्रेत्याकडे बिनरेघांची, माने १० अशी, थोडी वापरलेली जर्सी होती. पट्टीवरच्या कोडाने शोधले तेव्हा त्याच हंगामाची तीच जर्सी समोर आली. इथे एक मर्यादा सांगायला हवी. हुशार नकलाकार खरा कोडही उतरवतात, म्हणून कोड चुकला तर जर्सी नकली हे नक्की, पण कोड जुळला तर जर्सी खरी असे नक्की म्हणता येत नाही. म्हणून आम्ही पुढे पाहिले. नावावर तिरकी रेघ होती. क्रमांकाच्या तळाशी प्रीमियर लीगचे सिंहाचे छोटे चिन्ह होते, कडा धारदार होत्या. छातीवरच्या क्लबच्या चिन्हाखालची तीन अक्षरे सुटी होती. हलक्या भरतकामात ती धाग्याने एकमेकांना जोडलेली दिसतात. छाती ५५, उंची ७३. क्रमांकाच्या एका कोपऱ्याला बारीक तडे गेले होते, आणि ते विक्रेत्याने स्वतःहून दाखवले होते.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. ही छपाई प्रीमियर लीगच्या अक्षरांत होती आणि बाहीवर लीगचा बिल्ला होता. प्रीमियर लीगमध्ये सगळ्या क्लबांना एकाच ठरावीक वळणाची अक्षरे वापरावी लागतात. युरोपीय स्पर्धेत त्यांची सक्ती नसते. भाच्याच्या मनातली रात्र माद्रिदची, आणि ही जर्सी त्या हंगामातल्या लीग सामन्यांची. निर्णयाची खरी जागा ही होती. चॅम्पियन्स लीगच्या बिल्ल्यांसह, मानेच्या नावाची, नेमक्या मापाची खरी जर्सी मिळेपर्यंत थांबायचे, तर काही महिने लागले असते. मावशींनी मला विचारले, ‘त्याला वाईट वाटेल का?’ मी म्हणालो, की तो फरक ओळखेल, पण यात खोटे काही नाही. त्या हंगामात मानेने लीगमध्ये २२ गोल केले आणि सर्वाधिक गोलांचा मान आणखी दोघांसोबत वाटून घेतला. लीगच्या अक्षरांतली ‘माने १०’ ही त्या वर्षाची तितकीच खरी आठवण आहे. जुने बिल्ले सुटे आणून लावता येतील का, असेही त्यांनी विचारले. मी नको म्हटले, कारण लीगच्या अक्षरांवर चॅम्पियन्स लीगचे बिल्ले म्हणजे पहिल्या जर्सीवरचीच चूक आपल्या हाताने करणे.

त्यांनी ती घेतली.

काय निष्पन्न झाले

जर्सी वाढदिवसानंतर ११ दिवसांनी पोहोचली. वाढदिवसाला स्कार्फ दिला गेला होता, त्यामुळे मावशी रिकाम्या हाताने गेल्या नाहीत. हातात आल्यावर मी ती पुन्हा तपासली: आतून भरतकामाची उलटी बाजू, शिवणी, पट्टीवरची छपाई. सगळे ठीक होते.

भाच्याने जर्सी उलगडली आणि आधी पाठ पाहिली, मग बाही. ‘ही लीगची आहे,’ तो म्हणाला. मग त्याने गळ्याची मागची बाजू उलटून तिथला ९६ हा आकडा पाहिला. हिल्सबरो मैदानावरच्या १९८९च्या चेंगराचेंगरीत प्राण गमावलेल्या लिव्हरपूलच्या चाहत्यांची ती आठवण होती. पुढे, २०२१मध्ये मृतांची अधिकृत संख्या ९७ ठरली आणि नंतरच्या जर्सींवर ९७ आले. म्हणजे तो आकडाही हंगामाची साक्ष देतो, आणि मी विक्रेत्याकडून गळ्याचा फोटो मागवला त्याचे एक कारण तेच होते. भाच्याला ते सांगावे लागले नाही. जर्सी त्याला नेमकी बसली. कोपऱ्यातल्या तड्यांबद्दल त्याने विचारले, तेव्हा मी धुण्याची पद्धत सांगितली: उलटी करून, गार पाण्यात, ड्रायरमध्ये न घालता, आणि छपाईवर इस्त्री कधीही न फिरवता. गेलेले तडे भरून येत नाहीत, पण वाढण्याचा वेग पुष्कळ कमी होतो.

काय वेगळे करता आले असते

पहिली चूक क्रमाची होती. मावशींनी जर्सी आधी शोधली आणि हंगाम नंतर ठरवला. हंगाम आधी ठरला असता, तर त्या हंगामाच्या एखाद्या सामन्याचा फोटो शेजारी ठेवून पहिलीच जाहिरात दहा मिनिटांत बाद झाली असती. बाहीवरचा ६ जाहिरातीच्या फोटोतही दिसत होता, फक्त तो काय सांगतो हे माहीत नव्हते.

दुसरी चूक माझ्याही वाट्याला येते. लीगची छपाई आणि युरोपची छपाई यांतला फरक मी मावशींना शोधाच्या सुरुवातीलाच सांगायला हवा होता. तो समोर जर्सी आल्यावर सांगितल्यामुळे त्यांना दोन दिवस अकारण घोर लागला. आधी सांगितला असता, तर बहिणीमार्फत भाच्याकडून एवढे काढून घेता आले असते की त्याला मानेची जर्सी महत्त्वाची की माद्रिदची रात्र. रात्र महत्त्वाची असती, तर नाव नसलेली पण चॅम्पियन्स लीगचे खरे बिल्ले असलेली जर्सी हा पाचवा पर्याय होता, आणि तो आम्ही तपासलाच नाही.

मापाच्या बाबतीत सहा आठवडे आधीच टी-शर्ट मोजता आला असता. त्याला दोन मिनिटे लागतात आणि गुपितही फुटत नाही.

मावशींनी आता एका वहीत भाच्याची दोन मापे, क्लब, खेळाडू आणि हंगाम लिहून ठेवले आहेत. त्याखाली एक ओळ नव्याने आली आहे: डावी बाही, चॅम्पियन्स लीग, आकडा ५.